बँक म्हणते पाठवले, कॉलेज म्हणतं आले नाहीत: एज्युकेशन लोनची रक्कम शोधायची कशी

प्रश्न: आम्ही कळव्याला राहतो. मुलगा नवी मुंबईत इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एज्युकेशन लोनचा दुसऱ्या वर्षाचा हप्ता बँकेने नऊ दिवसांपूर्वी सोडला, मोबाइलवर मेसेजही आला. कॉलेज म्हणतं आमच्याकडे काहीच आलेलं नाही. ठाण्याच्या ब्रँचला गेलं की सांगतात, आमच्याकडून गेले, कॉलेजला विचारा. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख आठवड्यावर आली आहे. धरायचं कोणाला?

उत्तर:

ताई, मी बारा वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली आणि गेली काही वर्षं ठाण्यातल्या एका शिक्षणसंस्थेचे हिशेब बघतो. म्हणजे या भांडणात मी काउंटरच्या दोन्ही बाजूंना बसलेलो आहे. त्या जोरावर सांगतो, तुमच्या बाबतीत दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. नऊ दिवस झाले असतील, तर पैसे ‘वाटेत’ नाहीत. कारण इतके दिवस मुक्काम करता येईल अशी वाटच राहिलेली नाही. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, रविवारी आणि सुट्टीलासुद्धा. दर अर्ध्या तासाला एक बॅच, दिवसाला ४८. बॅच सुटली की घेणाऱ्या बँकेने दोन तासांत एकतर खात्यात रक्कम जमा करायची, नाहीतर पाठवणाऱ्या बँकेला परत करायची. तिसरा पर्याय नियमात नाही. तेव्हा काउंटरवरून कुणी ‘सर्व्हर स्लो आहे, दोन-चार दिवसांत पोचतील’ असं म्हणालं, तर मान डोलावून घरी येऊ नका.

मग पैसे असू शकतात तीनच ठिकाणी. एक, तुमच्या बँकेतून ते निघालेलेच नाहीत. दोन, निघाले, पण परत आले आणि बँकेच्या आतल्या एखाद्या खात्यात पडून आहेत. तीन, ते संस्थेच्या कुठल्या तरी खात्यात जमा आहेत, पण तुमच्या मुलाचे म्हणून कुणी ओळखलेले नाहीत. कुणा तिऱ्हाइताच्या खात्यात गेले, असंही कधीतरी होतं. त्याबद्दल पुढे सांगतो. माझ्यासमोर आलेल्या प्रकरणांत सगळ्यात जास्त वेळा निघाला तो तिसरा प्रकार.

आता तो मेसेज. त्यात नीट बघा, ‘कर्जखात्याला अमुक रक्कम नावे टाकली’ एवढंच असेल. म्हणजे बँकेने तुमच्या नावावर कर्ज लिहिलं. कॉलेजला पाठवलं, असं त्यातून सिद्ध होत नाही. बऱ्याच ठिकाणी हे काम दोन टप्प्यांत होतं. आधी कर्जखात्यातून रक्कम काढून बँकेच्याच एका मधल्या खात्यात घेतात आणि तिथून एनईएफटी करतात. एक माणूस नोंद करतो, दुसरा ती तपासून मंजूर करतो. पहिला टप्पा झाला की तुमचा मोबाइल वाजतो. दुसऱ्या टप्प्याची नोंद मंजुरीच्या रांगेत राहिली, मंजूर करणारा अधिकारी रजेवर गेला, तर पैसे बँकेतच बसतात. ब्रँचमधल्या मुलीला मात्र तिच्या स्क्रीनवर कर्ज ‘डिस्बर्स्ड’ दिसतं आणि ती प्रामाणिकपणे तुम्हाला ‘गेले’ म्हणून सांगते. त्यात कर्जाची फाइल हल्ली ब्रँचमध्ये नसतेच, सगळं प्रोसेसिंग सेलमध्ये चालतं. ब्रँच सेलकडे बोट दाखवते आणि सेलचा फोन कुणी उचलत नाही.

म्हणून ‘पैसे गेले का’ हा प्रश्नच विचारायचा नाही. विचारायचं एवढंच: यूटीआर नंबर द्या.

हा नंबर म्हणजे एका बँकेतून दुसरीकडे गेलेल्या रकमेची खूण. पाठवणाऱ्याकडे जो असतो, तोच घेणाऱ्याच्या स्टेटमेंटमध्ये उमटतो. एनईएफटीचा सोळा अक्षरांचा असतो. दोन लाख किंवा त्याहून मोठी रक्कम आरटीजीएसने गेली असेल, तर बावीस अक्षरांचा. काउंटरवर घाईत तुम्हाला कधी कर्जखात्यातल्या नोंदीचा आतला क्रमांक, म्हणजे जर्नल नंबर, लिहून देतात. तो दुसऱ्या बँकेत कुणालाच कळत नाही. तिथेच उभं राहून अक्षरं मोजा. हसतील, हसू द्या.

नंबर हातात आला की त्यातून थोडी माहितीही निघते. नमुन्यासाठी हा बघा, बँकेचं नाव मी झाकलं आहे:

```
ABCDN25220004317
```

पहिली चार अक्षरं पाठवणाऱ्या बँकेची. पुढच्या अक्षरानंतर 25 म्हणजे २०२५ साल आणि 220 म्हणजे वर्षातला २२०वा दिवस, अर्थात ८ ऑगस्ट. सगळ्या बँका अगदी याच क्रमाने लिहितात असं नाही, पण अनेकांचा नंबर असा वाचता येतो. आरटीजीएसच्या नंबरात तर तारीख पूर्ण वर्ष-महिना-दिवस अशीच असते. आता हा दिवस कर्जखात्यातून रक्कम गेल्याच्या तारखेशी ताडून पाहा. खात्यातून ३१ जुलैला गेली आणि यूटीआर ८ ऑगस्टचा असेल, तर मधले आठ दिवस पैसे बँकेच्याच पोटात होते. त्या दिवसांचं व्याज तुमच्या माथी का, हे विचारायचा हक्क तुम्हाला तिथून मिळतो.

आणि एनईएफटी किंवा आरटीजीएसने पाठवले म्हणतात, पण यूटीआर देताच येत नसेल, तर पैसे निघालेले नाहीत. इतकं ते सरळ आहे.

काउंटरवर बोलताना आणखी एक, शब्दाचं. ‘हप्ता गेला नाही’ असं म्हणू नका. आपण घरात दोन्हीला हप्ताच म्हणतो, पण बँकेत हप्ता म्हणजे परतफेडीचा ईएमआय. समोरचा माणूस तुमचं ईएमआयचं पान उघडतो, तिथे काही थकलेलं नसतं आणि ‘सगळं क्लिअर आहे’ म्हणून तुम्हाला वाटेला लावतो. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की हसू यायचंही थांबलं. ‘दुसऱ्या वर्षाच्या फीचं डिस्बर्समेंट’ म्हणा.

यूटीआरबरोबर चार गोष्टी एकाच कागदावर मागा: नेमकी किती रक्कम पाठवली, कोणत्या तारखेला, कोणत्या खाते क्रमांकावर आणि आयएफएससीवर, आणि आज त्या व्यवहाराची स्थिती काय आहे. तोंडी नको. ईमेलवर द्या म्हणा किंवा ब्रँचच्या शिक्क्यानिशी. खाते क्रमांक पूर्ण मागा. ‘कॉलेजच्याच खात्यात पाठवले’ या उत्तरात अर्धं दुखणं लपलेलं असतं. कसं, ते एका प्रकरणातूनच सांगतो.

मुलगी नेरुळहून कॉलेजला जाणारी, दुसरं वर्ष. वडील ऐरोलीला कंपनीत. त्या वर्षाची फी होती १,३८,००० रुपये. बँकेने शुक्रवारी, ८ ऑगस्टला रक्कम पाठवली. दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार आणि वर राखीपौर्णिमा, त्यामुळे सोमवारपर्यंत कुणीच काही पाहिलं नाही. सोमवारी कॉलेजच्या पोर्टलवर बाकी तेवढीच, १,३८,०००. वडील फी काउंटरवर गेले. तिथल्या क्लार्कने स्टेटमेंट उघडून मुलीचं नाव शोधलं, नाही मिळालं. १,३८,००० हा आकडा शोधला, तोही नाही. ‘आलेले नाहीत.’ पुढच्या आठवड्यात पुन्हा हेच. वडील बँकेत, बँक म्हणते गेले. सतरा दिवस हा झोका चालला.

त्यांची गाठ माझ्याशी पडली ती आमच्या कार्यालयात दुसऱ्याच कामासाठी आले तेव्हा. मी फक्त यूटीआर आणि रक्कम आणायला सांगितली. रक्कम आली १,३१,१००. वडील म्हणाले, हे चुकलंय, फी तर एक लाख अडतीस आहे. चुकलेलं नव्हतं. कर्ज चार लाखांच्या वरचं होतं. चार लाखांपर्यंत बँका साधारणपणे मार्जिन घेत नाहीत. त्याहून मोठ्या कर्जाला, देशातल्या शिक्षणासाठी, नेहमीच्या मॉडेल योजनेत पाच टक्के वाटा विद्यार्थ्याचा असतो आणि तो दरवर्षीच्या रकमेतून त्या त्या वेळी धरतात. १,३८,००० चे पाच टक्के म्हणजे ६,९००. बँकेने उरलेले १,३१,१०० पाठवले. सँक्शन लेटरमध्ये ते लिहिलेलं होतं, पण पहिल्या वर्षी मार्जिनचे पैसे मामाने परस्पर भरले होते आणि घरात कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. काही बँका मार्जिन भरल्याची पावती आधी मागतात आणि मगच रक्कम सोडतात. या बँकेने मागितली नाही, म्हणून आठवण करून द्यायलाही कुणी नव्हतं.

म्हणजे क्लार्क जो आकडा शोधत होता, तो कुठल्याच स्टेटमेंटमध्ये असणं शक्य नव्हतं. आणि नाव? तेही असणार नव्हतं. वडिलांनी बचत खात्यातून पाठवले असते, तर वडिलांचं नाव दिसलं असतं. कर्जाची रक्कम बँकेच्या मधल्या खात्यातून निघते, त्यामुळे पाठवणारा म्हणून दिसतो तो बँकेचा विभाग. संस्थेच्या स्टेटमेंटमधली ती ओळ साधारण अशी होती:

```
08/08/25 NEFT CR-ABCDN25220004317-LOAN CELL-EDU LN 2ND YR 1,31,100.00
```

ना नाव, ना रोल नंबर. ऑगस्टमध्ये अशा ओळी एका संस्थेच्या खात्यात दहा-दहा, वीस-वीस येतात. संस्थेचा हिशेबनीस त्यांना ‘ओळख न पटलेल्या जमा रकमा’ म्हणून बाजूला ठेवतो आणि कुणीतरी विचारत येण्याची वाट बघतो. तो काही आळशी नसतो. १,३१,१०० ही रक्कम त्याने अंदाजाने भलत्याच मुलाच्या नावावर टाकली, तर दोन घरांशी भांडण.

तरीही क्लार्कने ‘लोन सेल’ शोधलं असतं तर सापडायला हवं होतं ना? नसतं सापडलं. इथे दुसरी गाठ होती. त्याच वर्षी जूनपासून संस्थेने फी घेण्याचं खातं बदललं होतं. नव्या पद्धतीत प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र व्हर्च्युअल खाते क्रमांक मिळाला, म्हणजे पैसे येतात एकाच खात्यात, पण शेवटच्या आकड्यांवरून कोणाचे ते आपोआप कळतं. फी काउंटरचा क्लार्क फक्त हे नवं खातं बघत होता. बँकेच्या सिस्टीममध्ये मात्र पहिल्या वर्षीच्या डिमांड लेटरवरचं, म्हणजे फी मागणाऱ्या कॉलेजच्या पत्रावरचं, जुनं खातं कायम होतं. दुसऱ्या वर्षीचं पत्र घेतलं गेलं, पण त्यातली फीची रक्कम तेवढी पाहिली आणि खालचा खाते क्रमांक मागच्या वर्षीचाच ओढला. जुनं खातं संस्थेने बंद केलं नव्हतं. बंद असतं, तर पैसे दोन तासांत परत गेले असते आणि हा घोळ त्याच दिवशी उघड झाला असता. ते चालू होतं, ट्रस्टच्या नावाचंच होतं, म्हणून रक्कम विनातक्रार जमा झाली. ते खातं बघायचं ट्रस्टचं मुख्य कार्यालय, आणि तेही महिन्याअखेरच्या जुळवणीच्या वेळी.

यूटीआर, तारीख, रक्कम आणि खात्याचे शेवटचे चार आकडे मुख्य कार्यालयाच्या अकाउंट्सला ईमेल केले. वीस मिनिटांत उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी जुन्या खात्यातून नव्या खात्याकडे नोंद फिरवली, मुलीच्या नावावर १,३१,१०० जमा दिसले आणि ६,९०० वडिलांनी तिथेच यूपीआयने भरले.

म्हणून तुमच्या कॉलेजला विचारताना ‘पैसे आले का’ असं मोघम विचारू नका, त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येणार. फी काउंटरपाशी थांबू नका. अकाउंट्स विभागाला लिहा आणि प्रत मुख्य कार्यालयाला पाठवा. मजकूर एवढाच पुरे:

‘विद्यार्थ्याचं नाव, प्रवेश क्रमांक, शाखा व वर्ष. अमुक बँकेच्या शैक्षणिक कर्जातून अमुक तारखेला एनईएफटीने अमुक रुपये, यूटीआर अमुक, संस्थेच्या शेवटी अमुक चार आकडे असलेल्या खात्यात पाठवले आहेत. पाठवणाऱ्याच्या नावात विद्यार्थ्याचं नाव नसेल, बँकेच्या विभागाचं असेल. कृपया संस्थेच्या सर्व खात्यांमध्ये हा यूटीआर तपासावा. जमा असल्यास विद्यार्थ्याच्या नावावर नोंदवून पावती द्यावी. नसल्यास या यूटीआरची रक्कम मिळालेली नाही, असं लेखी द्यावं.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ‘मिळालेली नाही’ हे लेखी द्यायचं म्हटलं की माणूस खरोखर शोधतो. आणि तसं पत्र आलं, तर ते घेऊन बँकेत गेल्यावर बँकेला ‘कॉलेजला विचारा’ म्हणायला जागा उरत नाही. मग बँकेने घेणाऱ्या बँकेकडे त्या यूटीआरची चौकशी टाकायची, म्हणजे रक्कम कोणत्या खात्यात, केव्हा जमा झाली हे विचारायचं. हे काम बँकेने बँकेशी करायचं असतं. तुम्ही कॉलेजच्या बँकेत जाऊन उभ्या राहिलात, तर ते दुसऱ्याच्या खात्याची माहिती तुम्हाला देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

पैसे परत आलेले असले, तर कथा निराळी. परत आलेली रक्कम आपोआप तुमच्या कर्जखात्यात जाऊन बसेल, याची खात्री नाही. ती ज्या मधल्या खात्यातून निघाली तिथेच परत येते आणि कुणी हात लावेपर्यंत तिथे राहते. इकडे कर्जखात्यात मात्र रक्कम दिलेली दिसते आणि व्याजाचं मीटर चालू. वरच्या रकमेवर दहा टक्के दर धरला, तर दिवसाला सुमारे ३६ रुपये. कोर्स चालू असताना ईएमआय नसतो म्हणून हे कुणाला जाणवत नाही, पण नोंद होत राहते. अशा वेळी बँकेला लेखी सांगायचं की परत आलेल्या रकमेची नोंद मूळ तारखेच्या मूल्यानेच उलटवा, म्हणजे मधल्या दिवसांचं व्याज लागणार नाही. हे न मागता मिळताना मी फारसं पाहिलेलं नाही.

परत येण्याची कारणं ठरलेली. खातं बंद, खाते क्रमांकात एखादा आकडा कमी-जास्त, किंवा आयएफएससी रद्द झालेला. या शेवटच्याचं मूळ बहुधा जुन्या लेटरहेडमध्ये असतं. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली आणि जुलै २०२१ पासून SYNB ने सुरू होणारे कोड बंद झाले. अशी आणखीही विलीनीकरणं त्या दोन वर्षांत झाली. पण संस्थांच्या फीपत्रकाचा साचा संगणकात पडलेला असतो, दरवर्षी वरचं साल तेवढं बदलतात. व्हर्च्युअल खात्यांच्या बाबतीत आणखी एक: त्यात काही ठिकाणी अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात, आणि इंग्रजी O च्या जागी शून्य टाइप झालं की रक्कम परत.

तिऱ्हाइताच्या खात्याबद्दल म्हणालो होतो. एनईएफटीत रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावरून. नाव जुळतंय की नाही, हे घेणारी बँक बघेलच असं नाही. चुकलेला क्रमांक योगायोगाने कुणाचा तरी खरा निघाला, तर पैसे तिकडे जातात. आता एनईएफटी आणि आरटीजीएससाठी पाठवण्यापूर्वी खातेदाराचं नाव दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. आकडा चुकण्याचा धोका त्याने कमी होतो, पण आपल्या नेरुळच्या प्रकरणात तिचा काही उपयोग नव्हता. जुन्या खात्यावरही नाव त्याच ट्रस्टचं होतं ना.

ब्रँचमध्ये ‘डीडी काढलाय’ असं उत्तर आलं, तर तो कोणाच्या हातात दिला ते विचारा. अजूनही काही ठिकाणी डिमांड ड्राफ्ट काढून टपालाने पाठवतात आणि तो कॉलेजच्या आवकजावकच्या टेबलावर पडून राहतो. त्याची मुदत तीन महिन्यांची, हे लक्षात असू द्या.

आता परीक्षेचा फॉर्म, कारण तुमची खरी घाई ती आहे. पैसे शोधायचं काम आणि फॉर्मचं काम वेगवेगळं करा. बँकेकडून यूटीआर, रक्कम आणि तारीख असलेलं पत्र मिळालं की ते जोडून प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या: फी बँकेने पाठवली आहे, जुळवणी चालू आहे, तोवर फॉर्म स्वीकारावा आणि विलंब शुल्क लावू नये. यूटीआर असलेलं बँकेचं पत्र समोर असताना फॉर्म अडवणारी संस्था मला क्वचितच भेटली. नुसतं ‘बँक म्हणते पाठवले’ एवढ्यावर मात्र कुणी फॉर्म घेत नाही. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

फी स्वतःच्या खिशातून भरून टाकू आणि मग बघू, असं घरात कुणी म्हणत असेल, तर जरा थांबा. नंतर कर्जाची रक्कम सापडली की कॉलेजकडे दुप्पट पैसे होतात, आणि जादा रक्कम अनेक संस्था विद्यार्थ्याला न देता कर्ज देणाऱ्या बँकेलाच परत करतात. तुमचे रोख पैसे मग तुमच्याच कर्जखात्यात जाऊन अडकतात. भरायचेच झाले, तर आधी बँकेला ईमेल करून विचारा की भरलेल्या फीची रक्कम पावती दाखवल्यावर आम्हाला मिळेल का. ‘हो’ लेखी आलं, तरच भरा.

बँकेने दाद दिली नाही, तर ब्रँच मॅनेजरला लेखी तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. एनईएफटीची रक्कम जमा करायला किंवा परत करायला बँकेने उशीर केला, तर रेपो दराच्या वर दोन टक्के व्याजाची भरपाई नियमात आहे. पण हे नीट समजून घ्या, ही भरपाई बँका-बँकांमधल्या उशिराची. फाइल मंजुरीच्या रांगेत आठवडाभर पडली, त्याला हा नियम लागू होत नाही, तिथे मूळ तारखेने नोंद उलटवण्याचा आग्रह आणि सेवेतल्या त्रुटीची तक्रार हाच रस्ता. आणि कॉलेजने आलेली रक्कम महिनाभर ओळखलीच नाही, तर त्यात लोकपाल काही करू शकत नाही.

तुमचं कर्ज बँकेऐवजी एखाद्या वित्त कंपनीचं असेल, तर एवढाच फरक: पैसे त्या कंपनीच्या बँकखात्यातून निघतात, म्हणून यूटीआरची पहिली चार अक्षरं भलत्याच बँकेची दिसतील. गोंधळू नका.

तर उद्या सकाळी दहाला ब्रँचमध्ये जा. कर्जखात्याचा क्रमांक, मेसेजचा स्क्रीनशॉट आणि कॉलेजचं या वर्षीचं डिमांड लेटर जवळ ठेवा. खाते क्रमांक मिळाला की तिथल्या तिथे डिमांड लेटरवरच्या क्रमांकाशी एकेक आकडा ताडून बघा. जुळला नाही, तर निम्मं कोडं तिथेच सुटलं. मग सँक्शन लेटरमधली मार्जिनची ओळ काढा आणि पाठवलेली रक्कम फीपेक्षा किती कमी आहे ते मोजा. कॉलेजला लिहिताना तोच कमी आकडा लिहा, फीचा नव्हे.

पैसे सापडल्यावर पावती घ्याल, तेव्हा तीवर बँकेची रक्कम आणि तुम्ही भरलेलं मार्जिन दोन वेगळ्या ओळींत यायला हवं, आणि बँकेच्या रकमेसमोर यूटीआर. तिसऱ्या वर्षाची रक्कम सोडताना बँक हीच पावती आणि दुसऱ्या वर्षाचा निकाल मागेल. त्या वेळी नव्या डिमांड लेटरवरच्या खाते क्रमांकाभोवती पेनाने गोल करून द्या आणि अर्जात लिहा, ‘खाते क्रमांक मागील वर्षीपेक्षा वेगळा आहे, कृपया सिस्टीममध्ये बदलावा.’